अजानीचा जवाब

माझं अक्षर फार सुंदर होतं. त्या एका गुणावर मला भिलाईत नोकरी लागली, आणि त्याच गुणावर मी एक माणूस मारला. वाचणाऱ्याला हे जड वाटेल, पण या वयात मऊ शब्द शोधत बसायची मला हौस राहिलेली नाही. आता दुर्गला पद्मनाभपुरात मुलाच्या घरी असतो. कानाला यंत्र लावावं लागतं. ते लावल्यापासून दिवसातून पाच वेळा अजान स्पष्ट ऐकू येते, आणि पाचही वेळा मी मनातल्या मनात जवाब देतो. घरच्यांना वाटतं म्हातारा पुटपुटतो.

तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, खड्डे, लोखंडाचे खांब आणि धूळ. माझी नोकरी कारखान्यात नव्हती, एका ठेकेदाराकडे होती. त्याच्या मजूर-ऑफिसात मी कारकून. वर्ध्याहून आलेला, चोविशीतला, लग्न न झालेला, आणि स्वतःला चारचौघांपेक्षा शहाणा समजणारा. राहायला कॅम्पात पत्र्यांची लांब चाळ होती. माझ्या खोलीला लागून चाचाची खोली होती आणि दोघांमध्ये फक्त बांबूच्या चटईची भिंत. त्याने तिकडे कूस बदलली तरी मला इकडे कळायचं.

चाचा अमरावतीकडच्या एका खेड्यातला मुसलमान, पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा. बायको आणि एक मुलगी गावी. बोली आमचीच, वऱ्हाडी, म्हणून आमचं जमलं. त्या कॅम्पात पंजाबी होते, तेलुगू होते, आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगढी होते. आपल्या बोलीत शिवी देणारा माणूस भेटला तरी गळ्यात पडावंसं वाटायचं. तो मला बाबू म्हणायचा, मी त्याला चाचा.

कॅम्पाच्या कडेला मशीद होती. मशीद म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि खाली चटया. मिनार नाही, लाउडस्पीकर नाही. यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची तसलं एक मोठं खोकं पालथं घातलेलं होतं, त्यावर परदेशी अक्षरं छापलेली. त्यावर उभा राहून अजान द्यायचा तो एक शिंपी. दिवसभर कॅम्पात मजुरांच्या खाकी पँटी शिवायचा आणि वेळ झाली की शिलाई मशीन थांबवून खोक्यावर चढायचा. पश्चिमेकडे तोंड, पाठ आमच्याकडे, दोन्ही हातांची पहिली बोटं कानात. आवाज मात्र असा की ठेकेदाराचा सिमेंट कालवायचा गाडाही दबून जावा.

चाचा तेव्हा आपल्या दारात बसून त्या अजानीला जवाब द्यायचा. पहिल्यांदा मला ते कळलं नाही. मी आमच्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवत होतो, अगदी रंगात आलो होतो, आणि याने हात वर करून मला गप्प केलं. राग आला. अजान संपल्यावर मी म्हटलं, "एवढं काय, माझं वाक्य तर पुरं होऊ द्यायचं."

"अजान कानावर आली का तोंड बंद, काम बंद," तो म्हणाला. "कुराण वाचत असला तरी थांबाव लागते, तुमच्या साहेबाची काय गोष्ट करता. तो जे म्हणते ते आपण म्हणावं. त्याच्यासंगं नाही, त्याच्या मागून. त्यानं ओळ पुरी केली, मंग आपली."

मला पाठांतराची खोड. म्हटलं, शिकवा. त्यालाही कौतुक वाटलं. संध्याकाळचा चहा व्हायचा तेवढ्या वेळात तो मला एकेक ओळ सांगायचा.

आधी चार वेळा 'अल्लाहु अकबर', अल्ला सगळ्यांहून मोठा. शिंपी ते दोन दमांत म्हणायचा, एका दमात दोनदा. ऐकणाऱ्याने तेच म्हणायचं. मग दोनदा 'अशहदु अल्ला इलाहा इल्लल्लाह', मी साक्ष देतो की अल्लाशिवाय दुसरा देव नाही. तेही तसंच परत म्हणायचं. मग दोनदा 'अशहदु अन्ना मुहम्मदर रसूलुल्लाह', मी साक्ष देतो की मुहम्मद अल्लाचे रसूल, म्हणजे प्रेषित आहेत. इथेही जवाब तोच, पण चाचा त्याबरोबर हातांचे अंगठे ओठांना लावून डोळ्यांना टेकवायचा. सगळे असं करत नाहीत, पण त्याच्या बापाने केलं म्हणून तो करायचा. पुढे दोनदा 'हय्या अलस्सलाह', नमाजला या, आणि दोनदा 'हय्या अलल फलाह', भल्याकडे या. इथे जवाब बदलतो. इथे ऐकणारा म्हणतो, 'ला हौला वला कुव्वता इल्ला बिल्लाह', अल्लाच्या मदतीशिवाय ना हालायची शक्ती, ना काही करायची.

मी विचारलं, "बाकी सगळं तसंच म्हणता, मग इथंच कावून बदलता?"

"मी कोणाले या म्हणू? मलेच बलावून राहिले ना. बलावणाऱ्याले तेच बलावणं परत करू काय? मी म्हणतो, येतो बाप्पा, पण यायची ताकद माही नाही, त्याची हाय."

मला ते आवडलं. ऑफिसात कुणी बोलावलं की मी 'येतो' म्हणायचो ते निव्वळ भीतीने, त्यात कुणाच्या ताकदीचा विचार नसायचा.

शेवटी पुन्हा दोनदा 'अल्लाहु अकबर' आणि एकदा 'ला इलाहा इल्लल्लाह'. सगळ्या मिळून पंधरा ओळी. पहाटेच्या अजानीत दोन जास्त: 'हय्या अलल फलाह' नंतर दोनदा 'अस्सलातु खैरुम मिनन नौम', झोपेपेक्षा नमाज बरी. तिचा जवाब आणखीनच वेगळा. 'सदक्ता व बरर्ता', तू खरं बोललास, भलं बोललास. पहाटे भिंतीपलीकडून चाचाचा झोपेने घोगरा झालेला आवाज हे म्हणायचा आणि मी पांघरूण ओढून घ्यायचो.

अजान संपली की विषय संपत नाही. आधी दरूद, म्हणजे पैगंबरांवर सलाम. मग हात उचलून दुआ. ती मला सगळ्यात जड गेली, पण आठ दिवसांत तीही तोंडपाठ केली. 'अल्लाहुम्मा रब्बा हाजिहिद दावतित ताम्मति, वस्सलातिल काइमति, आति मुहम्मदनिल वसीलता वल फजीलता, वबअस्हु मकामम महमूदनिल्लजी वअद्तह.' या पुऱ्या हाकेच्या आणि आता उभ्या राहणाऱ्या नमाजच्या मालका, मुहम्मदांना वसीला दे, मोठेपण दे, आणि तू कबूल केलेल्या तारीफेच्या जागेवर त्यांना उभं कर.

"वसीला म्हणजे जन्नतमधली एक जागा," चाचा म्हणाला. "एकाच बंद्याले भेटनार. आपण ते पैगंबरासाठी मागाव. आणि जो मागन, त्याच्यासाठी ते कयामतच्या दिवशी शिफारस करतीन."

"म्हणजे वरती पण अर्जाला शिफारस लागते," मी म्हटलं.

तो खूप हसला. "लागते ना बाबू. सारं काम शिफारशीवरच हाय."

मी सगळं एका दमात, एकही चूक न करता म्हणून दाखवलं तेव्हा त्याने मला शिंप्याकडे नेलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. आपलं पोरगं शाळेत पहिलं आल्यासारखा तो बाजूला उभा होता.

चाचाचं काम रिवेटचं, म्हणजे जाड पत्रे जोडणारे तापवलेले खिळे बसवायचं. पोलादाच्या भल्यामोठ्या टाक्या असत. तो टाकीच्या आत बसायचा आणि लालबुंद रिवेटच्या डोक्याला आतून जड लोखंड टेकवून धरायचा. बाहेरून दुसरा हवेच्या हातोड्याने ठोकायचा. बंद टाकीत तो आवाज किती होतो हे मी एकदा आत डोकं घालून पाहिलं आणि लगेच बाहेर काढलं. चाचा दीड-दोन वर्षं त्यात रोज आठ तास बसला. कानात कापसाचे बोळे घालायचा, एवढंच.

आधी तो मोठ्याने बोलू लागला. मग मी भिंतीपलीकडून हाक मारली तर ओ देईना. मग एक दिवस माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मले आता काहीच येत नाही ऐकू, बाबू. फक्त ठकठक चालू राह्यते डोक्यात. झोपेतबी."

पुढे रिवेटचं काम संपलं आणि ठेकेदाराने त्याला खलाशांच्या टोळीत टाकलं. खलाशी म्हणजे उंचावर चढून लोखंडाच्या तुळया जागेवर बसवणारे. तिथे सगळा कारभार शिट्टीवर. मुकादम खालून शिट्टी मारतो. एका शिट्टीला क्रेन थांबते, दोनला उचलते, आणि लांब शिट्टी झाली की वरचा प्रत्येक माणूस बाजूला होतो. चाचा पहिल्याच दिवशी दुसऱ्यांच्या हालचाली बघून बाजूला झाला. संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन बसला.

"मले खाली ठेवा म्हणून लिहून द्या. गोदामात ठेवा, झाडू मारीन, काहीबी करीन. वरतं मले शिट्टी नाही ऐकू येत. एखाद दिवशी मरीन मी."

मी अर्ज लिहिला. छान लिहिला. खाली त्याने उर्दूत सही केली.

साहेब नागपूरचे. अर्ज वाचून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसा मीच बहिरा आहे. "या महिन्यातला हा चौथा बहिरा. उंचीवर चढायची भीती वाटली की साल्यांचे कान जातात. तुमच्या डोळ्यांकडे पाहून बोलतो ना तो? मग ऐकतो बी. बनवलं त्यानं तुमाले."

ऑफिसातले दोघं हसले. माझे कान तापले. मला कुणी बनवतं ही गोष्ट मला तेव्हाही सहन होत नसे, आताही होत नाही.

"तुमी शेजारीच राहता ना," साहेब म्हणाले. "चार दिवस नजर ठेवा आणि काय ते लिहून आणा. माणसं पारखता येत असतील तर पुढं बरंच काम आहे तुमच्यासाठी."

मी नजर ठेवली. मागून टाळ्या वाजवल्या, तो वळला नाही. थाळी पाडली, वळला नाही. मला वाटलं, मुरलेला आहे. मग तिसऱ्या प्रहरी, असरच्या वेळेला, मला ते दिसलं.

कान गेल्यापासून चाचा अजानीला दारात बसत नसे. वेळेच्या थोडं आधी उठून मशिदीपाशी जायचा आणि खोक्याच्या मागे दहा-बारा हातांवर एक दगड होता, त्यावर बसायचा. हे मी महिनाभर पाहत होतो. का, ते विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी विटांच्या ढिगाआड उभा राहिलो. शिंप्याने पहिली ओळ संपवली आणि चाचाचे ओठ हलले. अगदी नियमाप्रमाणे, मागून. दुसऱ्या साक्षीला अंगठे ओठांना, मग डोळ्यांना. 'हय्या अलस्सलाह' झालं आणि त्याचे ओठ 'ला हौला' म्हणाले. ना एक ओळ आधी, ना एक ओळ नंतर. पंधराच्या पंधरा. मग हात उचलून दुआ.

मला तो जवाब ओठांवरून वाचता आला, कारण त्यानेच तो मला शिकवला होता. दुसरा कुठला कारकून असता तर त्याला काहीच कळलं नसतं.

मला संताप आला. हा माणूस देवाच्या नावाने हाक ऐकतो, ओळीओळीला जवाब देतो, आणि माझ्याकडून बहिरेपणाचा अर्ज लिहून घेतो. मी त्याच्यासाठी साहेबाचं हसू सोसलं. त्याच दिवशी मगरिबला, दिवस बुडताना, पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळीकडे तेच.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पहाटेलाही पाहिलं होतं. अंधारात चाचा उठून दारात बसायचा. अजान व्हायची. चटईच्या फटीतून कंदिलाच्या उजेडात मला त्याचं तोंड दिसायचं, आणि ते तोंड हलत नसे. 'झोपेपेक्षा नमाज बरी' दोनदा व्हायचं आणि जो माणूस झोपेतही 'सदक्ता व बरर्ता' म्हणायचा तो गप्प बसून अंधाराकडे बघायचा. तीनही पहाटे. हे माझ्या संतापात बसत नव्हतं. म्हणून मी ते लिहिलं नाही.

अहवालात लिहिलं: 'अर्जदार दुपारच्या व संध्याकाळच्या अजानीतील प्रत्येक ओळीस ती संपताच योग्य तो जवाब देतो. जेथे जवाब बदलतो तेथे तो बदलूनच देतो. ओळ ऐकू आल्याशिवाय हे शक्य नाही. सबब अर्जदारास ऐकू येते असे दिसते.' साहेबांनी दोनदा वाचला. "अरे वा," म्हणाले. "एवढी बारीक माहिती कुठून आणली?"

मी म्हटलं, "आहे थोडा अभ्यास."

मग चौकशी. साहेब, ठेकेदाराचा डॉक्टर आणि टोकाला मी, लिहून घ्यायला. चाचा धुतलेला सदरा घालून आला होता. साहेबांनी मला चिठ्ठी लिहायला सांगितली. मी मोठ्या देवनागरी अक्षरात लिहिलं, 'तुम्ही अजानीला जवाब देता की नाही?' आणि त्याच्यासमोर धरलं.

त्याने बोट ठेवून वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं असणार की मी साहेबांसमोर त्याच्या सचोटीची साक्ष काढतो आहे. छाती ताठ करून, त्याच्या त्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "देतो ना साहेब. एकेका ओळीले देतो. दिवसाची एकबी चुकवत नाही."

कसा देता, असं कुणी विचारलं नाही. मला विचारता आलं असतं. चिठ्ठ्या माझ्याचकडे होत्या. डॉक्टर घड्याळ बघत होता. साहेब म्हणाले, "लिहा, ऐकू येत असल्याचे स्वतः मान्य करतो." मी लिहिलं. 'दिवसाची' हा शब्द मी ऐकला होता, तो लिहिला नाही.

दाराबाहेर चाचाने माझा दंड धरला. "झालं ना बाबू?"

त्याच्याशी बोलायचं तर तोंड दाखवून हळू बोलावं लागे. मला त्याला तोंड दाखवायचं नव्हतं. मी खाली बघून मान डोलावली. हो, झालं. तो मोकळा हसला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पुन्हा खलाशांच्याच यादीत होतं. यादी मीच उतरवली होती. तो माझ्याकडे भांडायला आला नाही. यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोर खांद्यावर घेऊन गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडे तो होता आणि अलीकडे मी होतो. चांगलं झालं असंही मला एका बाजूने वाटलं. नाटक्याला चपराक बसली.

आठवडा पुरा झाला नाही. सकाळी क्रेनने तुळई उचलली, ती वर गेल्यावर फिरू लागली. मुकादमाने लांब शिट्टी मारली. वरचे तिघे बाजूला झाले. चाचा पाठ करून एक बोल्ट आवळत होता. मुकादमाने पुन्हा मारली, मग पुन्हा. तुळईचं टोक त्याच्या पाठीत लागलं आणि तो खाली आला. मी गेलो तेव्हा त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. पान्हा अजून मुठीत होता, मूठ उघडत नव्हती.

ठेकेदाराच्या ऑफिसात कागद मागे राहत नाहीत. त्याच दुपारी साहेबांनी त्याच्या बायकोला कळवायचं पत्र सांगितलं. "कारण लिहा, शिट्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे. ऐकू येत होतं हे आपल्याकडे लेखी आहेच." मी ते सुवाच्य लिहिलं. टपाल सहाला निघायचं, पत्र टेबलावर ठेवून मी मशिदीकडे गेलो.

जनाज्याची नमाज चालू होती. तिला अजान नसते हे मला तोवर माहीत नव्हतं. शिंपी खोक्यावर चढला नाही, रांगेत गप्प उभा राहिला. माणसं माती द्यायला गेली आणि परतली तरी मी त्याच दगडापाशी होतो. शिंपी माझ्याकडे आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. चाचाने पोरासारखा कौतुकाने आणलेला बाबू, एवढीच त्याला माझी ओळख.

मी विचारलं, "त्यांना अजान ऐकू येत होती ना?"

"कुठची बाबू? तोफ उडवली असती तरी समजली नसती. मी त्याले सांगतलं होतं, ज्याले ऐकू येत नाही त्याच्यावर जवाब नाही, तू कावून एवढी तकलीफ करतं? तो म्हणे, दिवसभर डोक्यात ठकठक राह्यते, तेवढ्या टायमाले हे वाजू दे."

"मग ओळ कळायची कशी?"

शिंप्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "इथून पाहे ना माह्याकडं. दर ओळीच्या आधी मी दम घेतो, खांदे उचलतात. ओळ संपली का खांदे खाली. ते मोजे तो. आणि हय्या अलस्सलाह म्हणताना मान उजवीकडं वळवाव लागते, हय्या अलल फलाहले डावीकडं. सगळेच मुअज्जिन वळवतात, पाय हलवत नाहीत, फक्त तोंड. त्याच्यासाठी मी जरा जास्तच वळवू लागलो. दम बी लांब सोडत होतो."

"आणि पहाटे?"

"पहाटे अंधार. अंधारात कोणाची मान दिसन? उजेड झाला का यायचा, माह्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, सदक्ता व बरर्ता. एवढा उशिरानं. आता उद्या नाही येनार."

असरची वेळ झाली होती. शिंपी हातपाय-तोंड धुऊन, वजू करून खोक्यावर चढला, पश्चिमेकडे तोंड केलं, बोटं कानात घातली. मी दगडावर बसलो. मग मीही दोन्ही बोटं कानात घातली, अगदी आतपर्यंत, दुखेपर्यंत. आवाज बंद झाला. खांदे उठले, पडले. मी जवाब दिला. पुन्हा उठले, पडले. साक्षीच्या चार ओळी मोजल्या. मान उजवीकडे वळली, दोनदा. डावीकडे वळली, दोनदा. 'ला हौला' चारही वेळा माझ्या ओठांवर आपोआप आलं. पंधराव्या ओळीला त्याचे हात खाली आले आणि माझाही जवाब तिथेच संपला. ना एक ओळ आधी, ना एक ओळ नंतर. हे करून पाहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. विटांच्या ढिगाआड मी दोन दिवस उभा होतो.

खोक्यावरून उतरून शिंप्याने हात उचलले आणि दुआ म्हटली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं नाव फार घे तो. म्हणे, वरची शिफारस पैगंबर करतीन, खालची माहा बाबू करून राहिला."

मला रडू आलं नाही. लाज वाटली आणि तिच्याहून मोठी भीती वाटली. पत्रातलं कारण बदललं तर तो अहवाल कोणी लिहिला हे आधी कॅम्पभर होईल, पहाटेचं का लिहिलं नाही हे विचारलं जाईल. शिंप्याला मी काही सांगितलं नाही. ऑफिसात आलो. सहाला दहा मिनिटं कमी होती. पत्र टेबलावर तसंच होतं, आणि दौत शेजारीच. 'शिट्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे' हे तीन शब्द खोडून 'ऐकू येत नसल्यामुळे' लिहायला जागा पुरली असती. मी पुन्हा एकदा सगळं वाचलं. एक डाग नव्हता, एक काना-मात्रा चुकली नव्हती. घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि टपालाच्या थैलीत टाकलं.